अडीच मिलिमीटरची घसर: डेक स्लॅबखालचा बीम स्टडमुळे ताठ कसा होतो

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या इमारतीत ९ मीटर गाळ्याचे आयएसएमबी ४०० बीम ३-३ मीटरवर आहेत. वर डेक शीट आणि एकूण १२५ मिमीचा स्लॅब. ड्रॉइंगमध्ये शीटच्या प्रत्येक ट्रफमध्ये, म्हणजे खोलगट घडीत, १९ मिमीचा एक शिअर स्टड दाखवलाय. कंत्राटदार म्हणतो, एक सोडून एक पुरे, काँक्रीट एवढं जड आहे की ते बीमवरून हलणारच नाही. एवढ्याशा खुंटीने बीम ताठ होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि निम्मे स्टड कमी केले तर काय बिघडेल?

उत्तर:

कंत्राटदाराच्या ‘हलणारच नाही’पासूनच सुरू करतो, कारण सगळी गोम तिथे आहे. स्लॅब हलतो. किती हलतो तेही काढता येतं.

घटकाभर समजा की एकही स्टड नाही. लोड आला, बीम वाकला, वर टेकलेला स्लॅबही तेवढाच वाकला. आता दोन टोकांना टेकून खाली वाकणाऱ्या कुठल्याही वस्तूची वरची बाजू आखडते आणि खालची ताणली जाते. बीमची वरची फ्लँज आखडली. तिच्यावर बसलेली स्लॅबची खालची बाजू मात्र ताणली गेली, कारण स्लॅब स्वतःपुरता वेगळा वाकतोय. म्हणजे एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांपैकी एकाला लांबी कमी करायची आहे आणि दुसऱ्याला वाढवायची आहे. गाळ्याच्या मध्यावर दोघं जागच्या जागी असतात, पण तिथून टोकाकडे जाताना हा फरक साठत जातो. तुमच्या बीमवर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलो, एवढा वापराचा लोड धरला तर बीमच्या प्रत्येक टोकाला स्लॅब सुमारे २.४ मिमी बाहेर सरकतो. लोड येण्याआधी बीम आणि स्लॅब दोन्हींवरून खडूने एक उभी रेघ मारली असती, तर लोड आल्यावर ती मधोमध अडीच मिमीने तुटलेली दिसली असती.

स्टडचं काम ही अडीच मिमीची घसर अडवणं एवढंच आहे. बीम ताठ होतो तो त्यातून.

घसर अडवली की स्लॅबला वेगळं वाकता येत नाही. स्टड त्याला दोन्ही टोकांकडून मध्याकडे ढकलतात, त्यामुळे सगळा स्लॅब दाबाखाली येतो, आणि त्याच बळाने बीम ताणला जातो. वर दाब, खाली ताण आणि दोघांमध्ये भरपूर अंतर. पाना जितका लांब तितका नट सहज फिरतो, तसं इथे हे अंतर कामाला येतं. आकड्यांत बघू. जोडलेल्या सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आकारामुळे येणाऱ्या ताठपणाचं माप, असा निघतो:

```
I = Is + Ic + [As·Ac / (As + Ac)] · d²
```

`Is` आणि `As` बीमचे. `Ic` आणि `Ac` काँक्रीटचे, पण काँक्रीटची रुंदी आधी स्टीलच्या हिशेबात बदलून घेतलेली. `d` म्हणजे बीमच्या मध्यापासून काँक्रीटच्या मध्यापर्यंतचं अंतर. आयएसएमबी ४०० चा स्वतःचा आकडा २०,४५८ सेंमी⁴ आणि क्षेत्रफळ ७८.५ सेंमी². काँक्रीटची उपयोगी रुंदी गाळ्याचा चौथा भाग, म्हणजे २.२५ मीटर. शीटच्या घड्या बीमला आडव्या आहेत, म्हणून घड्यांमधलं ५० मिमी काँक्रीट सोडून द्यायचं आणि फक्त वरचं ७५ मिमी मोजायचं. एम-३० काँक्रीट स्टीलपेक्षा साधारण ७.३ पट मऊ, म्हणून २२५० मिमी रुंदीची पट्टी स्टीलच्या भाषेत ३०८ मिमीच उरते. तिचा स्वतःचा `Ic` जेमतेम १,०८० सेंमी⁴.

म्हणजे स्टड नसताना बीम आणि स्लॅबची बेरीज सुमारे २१,५०० सेंमी⁴ होते. एवढा जाडजूड दिसणारा स्लॅब वर पडून बीमचा ताठपणा फक्त ५ टक्क्यांनी वाढला. आता तिसरं पद घ्या. `d` इथे २०० + ५० + ३७.५ = २८७.५ मिमी आहे, आणि या एका पदाची किंमत ४८,४०० सेंमी⁴ भरते. एकूण जवळपास ७०,००० सेंमी⁴, म्हणजे नुसत्या बीमच्या ३.४ पट. काँक्रीट तेच, स्टील तेच. तिसरं पद फक्त घसर अडवल्यावरच मिळतं. मी ऑफिसात नव्या पोरांना हे गणित हाताने करायला लावतो. सॉफ्टवेअरमध्ये ते एका टिकमार्कमागे लपलेलं असतं आणि मग स्टडची किंमत कळत नाही.

अर्थात ३.४ हा आकडा घसर अगदी शून्य धरून आला. प्रत्यक्षात स्टडही किंचित कलतो. शिवाय कायमच्या लोडखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं, म्हणून फ्लोअरिंग, फॉल्स सीलिंग अशा सतत राहणाऱ्या वजनासाठी काँक्रीट ७.३ ऐवजी १५ पट मऊ धरलं तर ३.४ चे २.९ होतात. तरीही कमाई मोठीच आहे.

आता कंत्राटदाराचं वजन. स्लॅबच्या वजनाने बीमवर घर्षण होतं, हे खरं. पण किती? अर्ध्या गाळ्यावर स्लॅब, फिनिशिंग आणि वापराचा लोड मिळून सुमारे ११० किलोन्यूटन बसतात. घर्षणाचा गुणांक उदार मनाने ०.४ धरा, ४४ किलोन्यूटन झाले. मधे जस्त चढवलेली गुळगुळीत शीट आहे, तीही विसरून जाऊ. आणि लागतात किती? स्लॅब ओतल्यानंतर आलेल्या रोजच्या लोडखालीच मध्यावरच्या काँक्रीटमध्ये जवळजवळ ४०० किलोन्यूटन दाब असतो, आणि तो सगळा मध्य ते टोक एवढ्या साडेचार मीटरमधून बीमकडून स्लॅबकडे गेला पाहिजे. ४० टनांची गरज आहे आणि घर्षण देतंय चार-साडेचार टन. एका स्टडएवढंसुद्धा नाही.

एका स्टडची ताकद कशी ठरते? दोन शक्यता असतात: एकतर स्टडची दांडी तुटते, नाहीतर तिच्या पुढ्यातलं काँक्रीट चिरडतं. एम-३० मध्ये १९ मिमीच्या स्टडला दुसरी आधी येते आणि भरीव स्लॅबमध्ये हिशोबाची ताकद ७० किलोन्यूटनच्या आसपास मिळते. डेक शीटच्या ट्रफमध्ये स्टडभोवती काँक्रीट कमी, म्हणून ती १५ टक्के घटवून ६० धरू. घड्यांचं अंतर ३०० मिमी असेल तर अर्ध्या गाळ्यात १५ ट्रफ, १५ स्टड, ९०० किलोन्यूटन. (तुमच्या शीटचं अंतर वेगळं असेल तर ही संख्या बदलेल; आधी टेप लावून बघा.)

हा बीम पूर्णपणे ताणात वापरायचा तर १,७८० किलोन्यूटन पोचवावे लागतील. म्हणजे तुमच्या कन्सल्टंटने जोड पूर्ण ठेवलेलीच नाही, निम्मीच ठेवली आहे. यात काही चूक नाही, उलट हेच शहाणपणाचं आहे. पूर्ण जोडीला बीमची मोमेंट क्षमता ५१४ किलोन्यूटन-मीटर होते, नुसत्या बीमची २६७, आणि तुमची गरज, लोडला १.५ ने गुणून, ३७८. निम्म्या जोडीला, २६७ आणि ५१४ च्या मधे सरळ रेषेने काढलं तरी, ३९० मिळतात. ३७८ ला ३९० पुरतात. पण बघा, हातात शिल्लक किती उरली? तीन टक्के.

आता एक सोडून एक करा. अर्ध्या गाळ्यात ८ स्टड, ४८० किलोन्यूटन, जोड २७ टक्के. क्षमता ३३३. गरज ३७८ ची होती. बीम ताकदीत नापास.

गंमत म्हणजे ताठपणा तेवढ्या वेगाने घसरत नाही. वापराच्या लोडखाली नुसत्या बीमचा झोल २५ मिमी येतो, म्हणजे गाळ्याच्या ३६० व्या भागाच्या नेमक्या सीमेवर. प्रत्येक ट्रफमध्ये स्टड असेल तर, थोडी घसर धरूनही, ९ मिमीच्या आसपास. निम्मे काढले तरी ११ मिमीच. ताठपणा वाढवण्याचं बरंचसं काम पहिले थोडे स्टडच करून टाकतात. त्यामुळे स्टड कमी टाकलेला मजला चालून बघितलात तर तो छान कडक लागेल, झोलही मापात येईल, आणि कंत्राटदार म्हणेल, ‘बघा साहेब, काही झालं का?’ रोजच्या वापरात काहीच दिसणार नाही. कमी झालेली असते ती शेवटची ताकद, आणि ती चालून कळत नाही.

तुटताना काय होतं तेही सांगतो. लवचीकपणे बघितलं तर टोकाच्या स्टडवर सरासरीच्या जवळपास दुप्पट बळ येतं आणि मध्यावरच्या स्टडवर जवळजवळ शून्य. तरी आपण सगळे समान अंतरावर लावतो, कारण हेडेड स्टड तुटण्याआधी बराच कलतो. टोकाचा स्टड दमला की तो कलतो आणि पुढचं बळ शेजाऱ्यावर जातं. युरोकोड ४ मध्ये असा स्टड ‘डक्टाइल’, म्हणजे न तुटता कलणारा, मानायला ६ मिमी घसर सोसण्याची अट आहे. जोड फार कमी असेल तर बीम आपल्या पूर्ण मोमेंटला पोचायच्या आतच टोकाची घसर ही मर्यादा ओलांडते, टोकाचा स्टड तुटतो, मग त्याच्या शेजारचा, आणि शिवण टोकाकडून उसवत येते. म्हणूनच त्या कोडात अशा गाळ्यांना ४० टक्क्यांखाली जायची मुभा नाही. २७ टक्के ही हिशोबाने थोडीशी कमी पडलेली जोड म्हणून बघू नका, ती वेगळ्याच तऱ्हेने मोडणारी आहे.

एक गैरसमज जाता जाता काढतो. शीटच्या अंगावर जे दाबलेले उठाव असतात, ते बीमसाठी नसतात. ते शीट आणि काँक्रीट यांना ३ मीटरच्या आडव्या गाळ्यात जोडतात, म्हणजे शीट स्लॅबची खालची सळई होते. बीम आणि स्लॅबची जोड ही दुसरी, तिच्या काटकोनातली. पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

स्टड काय करू शकत नाहीत, तेही तुम्हाला माहीत हवं, नाहीतर ओतकामाच्या दिवशी घाबराल. ओलं काँक्रीट म्हणजे नुसतं ओझं. स्टड त्यात उभे असतात, पण धरायला काही नसतं. टेकू न लावता ओतलंत तर स्लॅब, शीट आणि बीमचं स्वतःचं वजन, मीटरला साधारण ८.४ किलोन्यूटन, सगळं एकट्या आयएसएमबीवर येतं आणि मध्यावर १७.५ मिमी झोल येतो. तो कायमचा. स्लॅब कडक झाला तरी बीम परत वर येत नाही, काँक्रीट त्याच वाकलेल्या आकारात घट्ट होतं. तुमच्या मजल्याच्या एकूण झोलात सगळ्यात मोठा वाटा याचाच असेल.

इथेच साइटवर एक हमखास घोळ होतो. फिनिशिंगवाला दोरी लावून किंवा लेझरने वरची पातळी सपाट करतो. बीम १७.५ मिमी खाली गेलेला, म्हणजे मध्यावर स्लॅब तेवढा जाड. सरासरी ११ मिमी काँक्रीट जास्त गेलं, आणि घड्यांमुळे स्लॅबची सरासरी जाडी १०० मिमीच्या आसपासच असते, म्हणजे ११ टक्के. त्या वजनाने बीम आणखी थोडा खाली, मग आणखी थोडं काँक्रीट. शीट स्वतःही दोन बीमच्या मधे थोडी वाकते, तिचं वेगळंच. गाडी कमी पडली, ऐनवेळी अर्धा क्यूबिक मीटर मागवायला लागला, तर प्लँटवाल्याशी भांडण्याआधी हा हिशोब करा. उपाय दोन. बीमला आधीच वर कमान द्यायची, पण पूर्ण १७.५ नाही, १२-१३ मिमी बस. कारण टोकाचे जोड बीमला थोडं धरून ठेवतात, आणि पूर्ण कमान दिली तर ती मध्यावर फुगवटा म्हणून शिल्लक राहून स्लॅब पातळ होतो. नाहीतर टेकू लावायचे आणि काँक्रीटला पुरेशी ताकद येईपर्यंत हलवायचे नाहीत. टेकू असले की स्लॅबचं वजनसुद्धा जोडलेल्या सेक्शनवर जातं आणि १७.५ चे ६ मिमी होतात. मी स्वतः कमानीच्या बाजूचा आहे. टेकूंचं जंगल उभं असताना खालच्या मजल्यावर कोणाचंच काम होत नाही.

आता स्टड मोजून पूर्ण आले तरी ते धरलेले असतील याची खात्री नाही. चाकणजवळ एका कारखान्याच्या मेझनाइनवर मला हे चांगलं कळलं. ड्रॉइंगप्रमाणे स्टड उभे, रांगा सरळ, फोटो सुरेख. रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी लगेच वेल्डिंग सुरू केलेलं. मी सवयीने दोन किलोच्या हातोड्याने एक स्टड वाकवायला गेलो, तो पहिल्याच घावाला शीटमधून उडाला. पुढच्या दहांपैकी आणखी तीन गेले. खाली बघितलं तर शीट आणि फ्लँजमध्ये पाणी साठलेलं, फेरूलचे खोके रात्रभर उघडे, आणि भरीला फ्लँजवर फॅब्रिकेशनच्या शॉपमधला प्रायमर तसाच.

कारण समजून घ्या. स्टडचं वेल्डिंग शीटमधूनच होतं. दीड हजार अँपिअरच्या पुढचा करंट, साधारण एक सेकंद. स्टडचं टोक, शीट आणि फ्लँजची वरची कातडी एकदम वितळतात आणि गन स्टडला त्या तळ्यात दाबते. चिनी मातीची फेरूल ते वितळलेलं स्टील जागेवर धरते. शीटवरचं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणजे स्टील वितळायच्या कितीतरी आधी, त्यामुळे थोडा वायू होणारच. त्यात पाण्याची वाफ आणि रंगाचा धूर मिळाला की वेल्ड पावासारखा जाळीदार होतो. वरून कॉलर दिसते, आत पोकळ. म्हणून वरच्या फ्लँजची मधली पट्टी रंगवायचीच नाही, शीट फ्लँजला घट्ट बसलेली हवी, पाणी दिसलं तर सुकेपर्यंत थांबायचं, आणि शीटच्या जोडावर दोन थर एकावर एक आले असतील तिथे स्टड मारायचा नाही.

ओळखायचं कसं? आधी कॉलर बघा: स्टडच्या बुडाभोवती पूर्ण गोल, चमकदार निळसर-करडी हवी, फेसाळ, पांढरट किंवा एका बाजूला तुटलेली असेल तर संशय धरा. मग उंची मोजा. शीटमधून मारताना स्टड साधारण १० मिमी जळतो, म्हणजे १०५ चा ९५ व्हायला हवा. १०२-१०३ राहिला असेल तर तो तळ्यात बुडालेलाच नाही. तुमच्या ५० मिमीच्या शीटवर ९५ चा स्टड ४५ मिमी वर येतो आणि डोक्यावर ३० मिमी काँक्रीट राहतं, दोन्ही ठीक. तिसरी परीक्षा हातोड्याची: चांगला स्टड खणखणतो, बाद असलेला ठस्स वाजतो. रोज सकाळी पहिले दोन स्टड ३० अंश वाकवून बघायचे. तडा नाही गेला तर त्या दिवसाचं सेटिंग बरोबर. वाकवलेला चांगला स्टड सरळ करू नका, तसाच काँक्रीटमध्ये जाऊ द्या, त्याचं काहीही कमी होत नाही. कॉलर अपुरी असलेल्या स्टडला १५ अंश वाकवा, तेही मध्याकडे नाही, कॉलर तुटली आहे तिच्या उलट बाजूला, म्हणजे कच्ची बाजू ताणात येते. आणि गन बिघडली म्हणून कोणी हाताच्या वेल्डिंग रॉडने स्टड चिकटवायला लागला तर थांबवा; शीटवरून मारलेला तो टाका बहुतेकदा फ्लँजपर्यंत पोचलेलाच नसतो.

आणखी एक गोष्ट, जी ड्रॉइंगमध्ये नेहमी लिहिलेली नसते. बऱ्याच शीटना ट्रफच्या मधोमध एक उभी घडी असते, त्यामुळे स्टड ट्रफच्या मध्यावर मारता येत नाही, एका बाजूला सरकवावा लागतो. कुठल्या बाजूला? खडूची रेघ आठवा: स्लॅब बाहेर, टोकाकडे सरकू पाहतो, म्हणून स्टड काँक्रीटला मध्याकडे ढकलतो. ज्या काँक्रीटला तो ढकलतो ते त्याच्यापुढे जास्तीत जास्त हवं. म्हणून स्टड नेहमी जवळच्या टोकाच्या बाजूला. उलटा मारला तर पुढ्यात काँक्रीटची पातळ कड उरते, ती फुटते आणि ६० किलोन्यूटन मिळत नाहीत. तुमच्याकडे तीन टक्केच शिल्लक आहे, एवढं लक्षात ठेवून ही बाजू वेल्डरला शीटवर मार्करने खूण करून द्या, आणि गाळ्याच्या मध्यावर ती बदलते हेही सांगा, कारण तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच हाताने मारत जातो.